ड्युअल-स्लोप इंटिग्रेटिंग कन्व्हर्टर

ड्युअल-स्लोप कन्व्हर्टर म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारं सर्किट, पण ते व्होल्टेज थेट मोजत नाही, वेळ मोजतं. आधी इनपुट ठरावीक वेळ इंटिग्रेटरला, म्हणजे येणारं व्होल्टेज वेळेनुसार साठवत जाणाऱ्या भागाला, देऊन कपॅसिटर चार्ज करायचा, मग इनपुट काढून उलट्या पोलॅरिटीचा रेफरन्स, म्हणजे आधीच माहीत असलेलं पक्कं व्होल्टेज, जोडायचा आणि कपॅसिटर परत शून्यावर यायला किती क्लॉक पल्स लागले ते मोजायचे, तोच आकडा डिस्प्लेवर जातो. इंटरसिल कंपनीची आयसीएल ७१०६ ही याची सगळ्यात ओळखीची चिप, स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरमध्ये काळ्या ठिपक्याखाली बहुतेक वेळा हीच किंवा हिची नक्कल असते, म्हणून पुढचं सगळं तिच्यावरूनच.

२०० मिलिव्होल्टच्या रेंजला रेफरन्स १०० मिलिव्होल्टचा, इंटिग्रेटरचा रेझिस्टर ४७ किलोओहम आणि कपॅसिटर ०.२२ मायक्रोफॅरड. इनपुट १००० काउंट, म्हणजे १००० क्लॉक पल्स, इंटिग्रेट होतं. समजा क्लॉक असा लावलाय की हे १००० काउंट म्हणजे १०० मिलिसेकंद, आणि इनपुट आहे ७५ मिलिव्होल्ट. तर पहिल्या टप्प्याच्या शेवटी कपॅसिटरवर साधारण ०.७३ व्होल्ट चढतात, मग रेफरन्स ते उतरवतो आणि शून्य यायला ७५ मिलिसेकंद, म्हणजे ७५० काउंट लागतात, डिस्प्लेवर ७५.०. आता कपॅसिटर जरा कमी निघाला, ०.२० चाच, तर चढेल ०.८० व्होल्टपर्यंत, पण उतरेलही तेवढ्याच पटीने जोरात, त्यामुळे परत ७५ मिलिसेकंदच. रेझिस्टरचंही तसंच. चढताना आणि उतरताना तेच दोन पार्ट असल्यामुळे ते समीकरणातून उडतात, आणि दोन्ही वेळा त्याच क्लॉकने मोजल्या म्हणून क्लॉकही उडतो:

```
N = 1000 × Vin / Vref
```

उरतो फक्त रेफरन्स, तो १ टक्का हलला की रीडिंग १ टक्का हललंच.

पण "पार्ट कुठलेही चालतात" असा अर्थ काढू नये, लोक हमखास इथेच फसतात. कपॅसिटरची किंमत उडते, त्याचे दोष उडत नाहीत. ०.२२ च्या जागी ०.१ लावला तर फुल स्केलला इंटिग्रेटरला ४ व्होल्टच्या वर जावं लागेल, ९ व्होल्टच्या बॅटरीवर ते जमत नाही, आउटपुट आधीच अडकतं आणि वरचे रीडिंग चुकतात. दुसरी भानगड डायइलेक्ट्रिक अ‍ॅब्सॉर्प्शनची, म्हणजे कपॅसिटर आधीचा चार्ज थोडा "लक्षात ठेवतो", त्यामुळे चढ आणि उतार सारखे राहत नाहीत, म्हणूनच इथे पॉलिप्रॉपिलीनचा लावतात. तपासायची सोपी ट्रिक: इनपुटला रेफरन्सच जोडा, १००.० यायला पाहिजे, सातत्याने दोन-चार काउंट इकडे तिकडे दिसले तर आधी कपॅसिटरवर संशय घ्या. इनपुट शून्य असतानाही येणाऱ्या छोट्या चुकीसाठी, म्हणजे ऑफसेटसाठी, चिपमध्ये ऑटो-झिरोचा वेगळा टप्पा असतो.

हा टप्पा धरून एक पूर्ण फेरी ४००० काउंटची, इनपुट कितीही असो: १००० इंटिग्रेशन, ० ते २००० उतरायला, उरलेले ऑटो-झिरोला. क्लॉक देणाऱ्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी आत ४ ने भागली जाते, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ३ रीडिंग, ४० ला अडीच. ऑडिओबिडिओसाठी हे काहीच कामाचं नाही, मीटरला मात्र भरपूर झालं, डोळ्याला त्याहून जास्त वाचताही येत नाही.

या संथपणाचा मोबदला म्हणजे मेन्सचा हम, म्हणजे घरच्या एसी लाइनमधून इनपुटमध्ये शिरणारी लहर, जातो. पहिल्या टप्प्यात इनपुटची सरासरी निघते, आणि त्या वेळात हमच्या पूर्ण सायकल बसल्या की वरचे आणि खालचे भाग एकमेकांना खाऊन टाकतात. ४८ किलोहर्ट्झला ही वेळ ८३.३ मिलिसेकंद, म्हणजे ६० हर्ट्झच्या बरोबर ५ सायकल, अमेरिकेत एकदम छान. आपल्याकडे ५० हर्ट्झ, तिथे ४.१७ सायकल होतात, जादाचा तुकडा शिल्लक राहतो आणि १० मिलिव्होल्ट पीकचा हम असेल तर ०.३८ मिलिव्होल्टपर्यंत, म्हणजे जवळपास ४ काउंट चूक येऊ शकते. शिवाय दर फेरीला हमचा फेज बदलतो, त्यामुळे शेवटचा आकडा दोन-तीन किमतींत फिरत राहतो, आणि माणूस प्रोबच्या वायरी हलवत बसतो. ४० किलोहर्ट्झला १०० मिलिसेकंद मिळतात, ५० च्या ५ आणि ६० च्या ६ सायकल, दोन्हीकडे चालतं. मेन्स ४९.८ वर सरकली तरी त्याच हमची चूक ०.०४ मिलिव्होल्टच, अर्ध्या काउंटपेक्षा कमी.

म्हणजे जो क्लॉक रीडिंगमधून उडाला तो इथे मागच्या दाराने परत येतो. रेझिस्टर-कपॅसिटरच्या ऑसिलेटरने फ्रिक्वेन्सी सरकली तरी आकडा बरोबरच येतो, फक्त हम दाबला जात नाही, आणि शुद्ध डीसी देऊन मीटर कॅलिब्रेट केला तर हा दोष दिसतच नाही. तो बघायचा असेल तर डीसीवर मुद्दाम थोडा ५० हर्ट्झ चढवून शेवटचा आकडा नाचतो का ते बघायचं, नाचला तर ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी मोजायची आणि ४० किलोहर्ट्झवर आणायची.