टायरच्या आतला स्पंज आला कुठून, आणि पंक्चरवाला वैतागतो का

काही महागड्या आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा टायर रिमवरून उतरवला की आत गोल फिरलेला करडा स्पंजचा पट्टा दिसतो, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी जुगाड केलाय. पण तो कंपनीनेच चिकटवलेला असतो, आवाज कमी करण्यासाठी.

मूळ भानगड रबराची नाही, आतल्या हवेची आहे. खड्डा किंवा रस्त्याचा जॉइंट लागला की टायरमधल्या हवेत आवाजाची लाट गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळते आणि एकच सूर घुमतो. 235/45 आर 18 टायर घ्या, हवेच्या कड्याचा मधला व्यास साधारण 56 सेंटीमीटर, म्हणजे एक फेरी 1.77 मीटरची, आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, भागाकार केला की येतात 194 हर्ट्झ. तो सूर रिममधून सस्पेन्शनमध्ये आणि तिथून केबिनमध्ये येतो, रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा.

1990 मध्ये ब्रिजस्टोनच्या साकाता वगैरे मंडळींनी यावर पेपर लिहिला होता, म्हणजे दुखणं जुनंच. होंडाने अलॉयमध्येच आवाज गिळणाऱ्या पोकळ्या करून बघितल्या. टायरला स्पंज चिकटवायचा मार्ग जपानमध्ये डनलॉपने 2006 च्या आसपास बाजारात आणला, 2013 पासून पिरेली वगैरे युरोपियन कंपन्याही उतरल्या. खरी मागणी आली इलेक्ट्रिक गाड्यांमुळे, इंजिनच नाही म्हटल्यावर आधी झाकला जायचा तो टायरचा आवाज उघडा पडला. 2025 मध्ये आपल्या मुंबईच्या सिएटनेही असा टायर काढला.

पण अपेक्षा माफक ठेवा. स्पंज हा 200 हर्ट्झजवळचा सूर दाबतो. एक्सप्रेसवेच्या सिमेंटवर जो घूं असा आवाज येतो तो बराचसा ट्रेडचा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीचा, 800-1000 हर्ट्झचा, तिथे फारसा फरक पडत नाही.

आता पंक्चर. बाहेरून स्ट्रिप खुपसता येते, पण ती तात्पुरतीच समजा, आतून बघितल्याशिवाय खिळ्याने आत काय केलंय ते कळत नाही. नीट काम म्हणजे टायर उतरवायचा, भोकाजवळचा स्पंजचा तुकडा सरळ कापून काढायचा, खालचा चिकट थर साफ घासायचा (इथेच घाई होते, आणि गोंद राहिला की पॅच धरत नाही, हवा हळूहळू जाते), मग आतून मश्रूम पॅच. कापलेली जागा तशीच रिकामी ठेवली तरी चालतं, आवाज किंचित वाढेल. बॅलन्सिंग मात्र परत करायचंच. बाटलीतलं सीलंट इथे फार भरवशाचं नाही, स्पंजच ते पिऊन टाकतो आणि भोकापर्यंत पुरेसं पोचत नाही.

स्पंज पाणीही तसाच पितो, त्यामुळे उतरवलेला टायर पावसात उघडा पडला असेल तर चढवायच्या आधी पूर्ण सुकवावा लागतो. नाहीतर बॅलन्सिंगला बसतच नाही, आणि ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतं. पट्टा कुठे सुटला तरी लक्षण हेच, मग परत परत वजनं लावत बसण्यापेक्षा टायर उतरवून आत बघायचं.