इंदापूरची जमीन आणि रिकार्डोचा खंड

१८१८ साली पेशवाई संपली आणि दख्खनचा शेतसारा ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात आला. हा सारा नेमका किती असावा, याचं उत्तर शोधायचं काम १८२० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या रॉबर्ट कीथ प्रिंगल या असिस्टंट कलेक्टरकडे आलं. प्रिंगल इंग्लंडमधल्या हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेला होता. कंपनीचे अधिकारी तिथे तयार होत आणि त्यांना अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होते. माल्थस आणि डेव्हिड रिकार्डो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १८१५ साली, एकमेकांपासून काही आठवड्यांच्या अंतराने, जमिनीच्या खंडाविषयी लेखन प्रसिद्ध केलं होतं. तो ताजा सिद्धांत घेऊन प्रिंगल दख्खनच्या शिवारात उतरला. सिद्धांताची इतकी थेट परीक्षा फार क्वचित होते, आणि तिच्यात जे बिनसलं त्यातून हा सिद्धांत जितका स्पष्ट कळतो तितका पाठ्यपुस्तकातल्या आकृतीतून कळत नाही.

आधी सिद्धांत पाहू. एकाच गावात एकेक एकराची तीन शेतं आहेत असं धरा: एक काळ्या कसदार मातीचं, एक मध्यम, एक बरड. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. तिन्हीत ज्वारी पेरायचा खर्च सारखाच, दहा रुपये. त्यात बी, बैलजोडी, मजुरी आणि कुणब्याच्या घरच्यांच्या श्रमाचा वाजवी मोबदलाही आला. काळ्या शेतातून वीस रुपयांचं पीक निघतं, मध्यममधून पंधराचं, बरडातून जेमतेम दहाचं. बरड कसणाऱ्याचा खर्च तेवढा भरून निघतो. काळ्या शेतात मात्र खर्च वजा जाता दहा रुपये उरतात आणि मध्यम शेतात पाच. हे उरलेले रुपये कुणाच्या जास्त कष्टाचे नाहीत, कारण कष्ट तिन्हीकडे सारखेच आहेत. मातीच्या फरकाचे हे पैसे म्हणजे रिकार्डोचा खंड. काळं शेत दुसऱ्याचं असेल, तर तो कसणाऱ्याकडून हे दहा रुपये मागू शकतो. कसणाऱ्यालाही ते देणं परवडतं, कारण त्या रानावाचून त्याला बरडच कसावं लागेल आणि तिथे वर काहीच उरत नाही.

आता हे दहा रुपये कमीजास्त झाले तर काय होतं? बैलांना जास्त पैसे मिळू लागले की बैलांची पैदास वाढते. लोहाराला जास्त मोबदला मिळाला की आणखी माणसं भात्यापाशी बसतात. उलट मोबदला घटला की बैल आणि लोहार दोन्ही कमी होतात. या वस्तूंना दिलेला पैसा त्यांना बाजारात आणतो, टिकवतो. काळं शेत मात्र कुणी पैसे दिले म्हणून तयार झालेलं नाही. खंड दुप्पट केला तरी त्या शेजारी दुसरं काळं शेत उगवत नाही, आणि खंड शून्यावर आणला तरी असलेलं शेत कुठे जात नाही. म्हणून सरकारने दहातले साडेपाच काढून घेतले तर मालकाचं उत्पन्न घटेल, पण शेत तेवढंच राहील, त्यात पेरलं जाईल तेच आणि निघेलही तितकंच. ज्वारीचा भावही हलणार नाही. लोकांची गरज भागवायला बरडसुद्धा पेरावं लागतं, म्हणून भाव त्याच्या खर्चावर ठरतो आणि बरडावर खंडच नाही. खंड वाढला म्हणून धान्य महागलं असं लोक म्हणत, तेव्हा रिकार्डोने कार्यकारणाची ही दिशा उलटी करून दाखवली. नेपोलियनच्या युद्धांत, १८१२ साली, इंग्लंडमध्ये गव्हाचा भाव क्वार्टर या धान्याच्या मापामागे सव्वाशे शिलिंगांच्या वर गेला होता. त्या काळात जमीनदारांचे खंड खूप चढले, पूर्वी कुणी न विचारलेल्या हलक्या जमिनींवर नांगर फिरला, पण देश एक एकरानेही मोठा झाला नाही.

इथे एक हरकत रास्तपणे येते. जमीन वाढत नाही कशी? मुंबईत समुद्र हटवून जमीन केलीच ना! खरं आहे. भराव घालणं, ताली घालून माती अडवणं, विहीर खणणं यांनी वापरायोग्य जमीन वाढते आणि सुधारते, आणि तिथे पुढे पैसे मिळण्याची आशा नसेल तर कुणी दगड टाकायला जाणार नाही. म्हणून रिकार्डोने जाणूनबुजून या दोन रकमा वेगळ्या ठेवल्या. तालीवर आणि विहिरीवर जे मिळतं तो घातलेल्या भांडवलाचा मोबदला. मातीचा मूळचा कस आणि जागेचं ठिकाण, जे कुणीही केलेलं नाही, त्याबद्दल मिळतो तो खंड. कागदावर दोन्ही एकाच रकमेत येतात आणि त्यांची फोड करणं अवघड असतं, हे मात्र कबूल करायला हवं. दुसरी मर्यादा अशी की देशातली एकूण जमीन ठरलेली असली तरी एका पिकाच्या वाट्याची जमीन ठरलेली नसते. ऊसवाल्याला शेत हवं असेल तर ज्वारीवाला देईल त्यापेक्षा जास्त त्याला मोजावंच लागतं. त्याच्यापुरता तो खर्चच आहे, कारण तेवढे न दिल्यास ते शेत उसाकडे येणारच नाही.

प्रिंगलची योजना या विचारावर उभी होती. मातीनुसार जमिनीची प्रतवारी करायची, प्रत्येक प्रतीच्या शेताचं पीक अजमावायचं, लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा रोख रकमेत बांधायचा. तिकडे लंडनमध्ये रिकार्डोचे मित्र जेम्स मिल कंपनीच्या कचेरीत बसून याच मताचा पुरस्कार करत होते: खंड कुणाच्याही श्रमातून येत नाही, म्हणून सरकारने तो घेतला तर शेती बिघडत नाही. तर्क निर्दोष आहे. आपल्या तीन शेतांवर साडेपाच रुपये, पावणेतीन रुपये आणि शून्य असा सारा बसतो आणि तिन्ही शेतं पूर्वीसारखीच पेरली जातात.

पण शेतावर उभं राहून खंड दिसत नाही. दिसतं ते पीक, आणि तेही दर सालचं वेगळं. खंड म्हणजे दोन मोठ्या आकड्यांमधली छोटी वजाबाकी, आणि अशा वजाबाकीत मूळ आकड्यातली थोडीशी चूक फुगून बाहेर येते. बरड शेताचं पीक दहाऐवजी चौदा रुपयांचं लिहिलं गेलं, तर कागदावर चार रुपये निव्वळ उत्पन्न दिसतं आणि त्यावर दोन रुपये वीस पैशांएवढा सारा बसतो, जिथे खंड एक पैसाही नाही. प्रिंगलचे आकडे गोळा करणारे खालचे कामगार असंख्य गावांतून फिरत होते. त्यांच्या नोंदींत अंदाज होते, घाई होती, लाचही होती.

त्यात भाव पडले. धान्याचा भाव एक पंचमांशाने उतरला असं धरा आणि खर्च आहे तोच ठेवा. काळ्या शेताचं पीक सोळा रुपयांचं झालं. त्याचा खंड दहावरून सहावर आला, म्हणजे भाव वीस टक्के पडला आणि खंड चाळीस टक्के. सारा साडेपाचच असल्याने ते कसंबसं तगतं. मध्यम शेताचं पीक बारा रुपयांचं, खंड दोन, आणि सारा मात्र पावणेतीन. इथे खरी गोम आहे. सारा नसता तर हे शेत पेरणं परवडलं असतं. आता ते पेरलं की पाऊण रुपया पदरचा जातो, आणि तो निघतो बियाण्यातून, बैलांच्या चाऱ्यातून, घरच्यांच्या ताटातून. या गोष्टी मातीसारख्या जागच्या जागी राहणाऱ्या नाहीत. बैल विकला जातो, माणूस गाव सोडतो. बरड शेत तर भावच पडल्यामुळे, सारा असो वा नसो, ओस जातं.

दख्खनमध्ये तसंच झालं. नवा सारा १८३० च्या सुमारास लागू झाला आणि वसुलीचे हाल सुरू झाले. अनेक कुटुंबं आपापली गावं सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात गेली. पुढे मुंबई सरकारच्याच अहवालात नमूद झालं की काही भागांत लागवडीजोग्या जमिनीपैकी फार तर तिसरा हिस्साच वाहितीत राहिला होता. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरची माती तशीच पडून होती, तिचा एक गुंठाही कमी झाला नव्हता. कमी झाले होते ते तिच्यावरचे नांगर. माझ्या मते यातून रिकार्डो खोटा ठरत नाही. जे खंड म्हणून घेतलं त्यात माणसांचा आणि जनावरांचा मोबदला मिसळला होता, हे ओस शेतांनी दाखवून दिलं. एखादी रक्कम खंड आहे की नाही हे ओळखायची कसोटी हीच: ती काढून घेतल्यावर काही निघून जातं का, ते पाहायचं.

१८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातच नव्याने काम सुरू केलं. निव्वळ उत्पन्न मोजायचा हट्ट त्यांनी सोडला. मातीचा पोत आणि खोली पाहून सोळा आण्यांच्या हिशोबात शेतांची फक्त आपसातली तुलना केली. तालुक्याचा एकूण सारा मागची वसुली, भाव आणि बाजाराचं अंतर पाहून, पूर्वीपेक्षा बराच हलका ठरवला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. शेतकऱ्याला दर साली हवा तो नंबर, म्हणजे मोजणीतलं शेत, ठेवायची किंवा सोडायची मुभा होती, त्यामुळे सारा जड आहे की नाही हे लगेच कळे. पडीक नंबर पुन्हा वाहितीत आले.

हलक्या साऱ्यामुळे खंडाचा मोठा भाग आता शेतकऱ्याकडे राहू लागला, आणि त्यातून एक नवी गोष्ट घडली. ज्या जमिनीचा सगळा खंड सरकार घेतं ती विकत घ्यायला कुणी येत नाही. खंड उरू लागला की जमिनीला किंमत येते आणि तिच्यावर कर्ज मिळतं. सावकार कर्ज देऊ लागले, दिवाणी न्यायालयं त्यांच्या बाजूने हुकूमनामे देऊ लागली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाचे भाव चढले आणि कर्जंही चढली. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ साली इंदापुरात सारा पुन्हा मोठ्या प्रमाणात वाढवला गेला, तेव्हा चढे भाव उतरणीला लागत होते. सरकार आणि सावकार दोघेही त्याच एका खंडावर हक्क सांगत होते, आणि दोघांची मागणी मिळून तो खंड पुरत नव्हता. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं आणि वह्या जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना कर्जखताच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती आणि व्याज किती हे तपासायचा अधिकार दिला.