पैठणी नाशिकची, कार्ड जर्मनीचं, मशीनला कसं कळलं?

दिवाळीत माझा मावसभाऊ जर्मनीहून घरी आला होता, मावशीसाठी पैठणी घ्यायची म्हणून आम्ही नाशिकमधल्याच एका दुकानात गेलो. बिल झालं ३८,००० रुपये. त्याने कार्ड मशीनमध्ये घातलं आणि स्क्रीनवर लगेच प्रश्न आला, पैसे युरोत भरायचे की रुपयांत? दुकानदार काका चकितच झाले, म्हणाले "अहो हे तर अस्सल नाशिकचं मराठी बोलतायत, मशीनला कसं कळलं बाहेरून आलेत ते?"

मशीनला भाऊ कुठून आला ते कळलंच नव्हतं. त्याला फक्त कार्ड कुठल्या बँकेचं आहे ते कळलं होतं.

कार्डावरचे १६ आकडे म्हणजे नुसता खाते क्रमांक नाही. पहिले एक-दोन आकडे ढोबळ सांगतात, ४ ने सुरू होत असेल तर व्हिसा, ५१ ते ५५ ने सुरू होत असेल तर मास्टरकार्ड (मास्टरकार्डची २ ने सुरू होणारीपण एक मालिका आहे), ३४ किंवा ३७ असेल तर अमेरिकन एक्सप्रेस, आणि आपल्या रुपे कार्डांची बरीचशी ६० किंवा ६५ ने सुरू होतात. बँक ओळखायला मात्र सुरुवातीचे सहा किंवा आठ आकडे लागतात, त्याला बँकेतले लोक बिन म्हणतात. शेवटचा आकडा फक्त तपासणीचा, बाकीच्यांवरून हिशोब करून काढलेला, म्हणजे टाइप करताना एक आकडा चुकला तर लगेच पकडला जातो.

सहा की आठ, ही भानगड मजेशीर आहे. सहा आकडी बिन म्हटलं की एकूण फक्त १० लाख बिन शक्य, आणि १६ आकडी कार्डात प्रत्येक बिनखाली उरलेले नऊ आकडे म्हणजे १०० कोटी कार्डं! आता एखाद्या छोट्या बँकेने एक बिन घेतला आणि ५० हजार कार्डं काढली तर बाकीचे नंबर वायाच की. मग २०१७ साली आंतरराष्ट्रीय मानकात बिन आठ आकडी केला, त्यामुळे एका बिनखाली एक कोटी कार्डं बसतात आणि बिन शंभरपट वाढतात. पण कोणाकडे अजून जुनी सहा आकडी यादी असेल तर पहिले सहा सारखे आणि पुढचे दोन वेगळे असलेल्या दोन बँका त्याला एकच वाटणार.

आणि देश? देशाचा कोड व्हिसा-मास्टरकार्डच्या नंबरात कुठेच लिहिलेला नसतो. मानकात ९ ने सुरू होणारे नंबर प्रत्येक देशाच्या स्वतःच्या वापरासाठी ठेवलेत, तिथे ९ नंतर देशाचा तीन आकडी कोड यायचा, भारताचा ३५६, जर्मनीचा २७६. बाकी सगळीकडे यादीच बघावी लागते: हा बिन, ही बँक, हा देश. ही यादी कार्ड कंपन्या मशीनवाल्या बँकेला देतात. दुकानातल्या मशीनला चिपमधूनही देशाचा कोड मिळू शकतो, पण ऑनलाइन नुसता नंबर टाइप केला तर यादीशिवाय गत्यंतर नाही. आमच्याकडे पण तेच झालं, यादीनुसार बँक जर्मन, चलन युरो, म्हणून मशीनने विचारलं.

म्हणजे यादीतला देश बँकेचा असतो, माणसाचा नाही. माझा मेहुणा दहा वर्षं दुबईत आहे पण त्याचं डेबिट कार्ड इथल्याच बँकेच्या एनआरई खात्याचं, त्यामुळे दुबईच्या वेबसाइटवर तो "भारतीय" ठरतो आणि इथे आला की त्याला मशीन काही विचारत नाही.

बरं यादीसुद्धा शिळी होते. १ एप्रिल २०१९ ला देना बँक आणि विजया बँक, बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, पण खातेदारांच्या खिशातल्या जुन्या कार्डांवरचे आकडे काही त्या रात्रीत बदलले नाहीत. कोणी इंटरनेटवरची फुकटची जुनी यादी वापरत असेल तर त्याला अजून देना बँकच दिसेल, देश बरोबर आणि बँक चूक. कुठल्या साइटवर आपल्या बँकेचं भलतंच नाव दिसलं तर आधी हेच कारण धरायचं.

दुकानात काका म्हणाले, युरोच दाबा ना, तुमच्याच चलनात आहे. मी फोनवर युरोचा भाव काढला तर मशीनच्या भावाने हिशोब हजार-बाराशे रुपयांनी महाग पडत होता, कारण रूपांतर करणारे स्वतःचं मार्जिन भावातच धरतात. मावसभावाने रुपये दाबले, त्याच्या बँकेने नंतर त्यांच्या दराने युरो कापले. उरलेल्या पैशात आम्ही मिसळ खाल्ली, ती मात्र रोख.