सूट सुरू होण्याची रक्कम आणि सूट अडण्याची रक्कम

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत महिन्याचा किराणा बहुतेक घरांत मोबाइलवरून मागवला जातो आणि दर महिन्याला तोच वाद माझ्या कानांवर येतो : ‘वीस टक्के म्हणाले आणि दिले किती बघा!’ कूपन असे असते : वीस टक्के सूट, कमाल १५० रुपये, किमान खरेदी ४९९ रुपये. यातल्या किमान खरेदीबद्दल कोणाला समजावण्याची गरज नाही. ४९९ च्या खाली कूपन लागत नाही, विषय संपला. घोळ होतो तो दुसऱ्या रकमेचा, म्हणजे ज्या खरेदीवर सूट १५० ला अडते त्या रकमेचा, कारण ती कूपनवर छापलेलीच नसते आणि आपली आपण काढावी लागते.

ती काढणे सोपे आहे. किती रुपयांचे वीस टक्के म्हणजे १५० होतात, एवढेच विचारायचे. वीस टक्के म्हणजे पाचवा हिस्सा, म्हणून १५० ची पाचपट, ७५० रुपये. दहा टक्के असतील तर कमाल सुटीची दहापट, पंचवीस असतील तर चौपट. आकडा अवघड असेल तर कमाल सूट गुणिले शंभर भागिले टक्के. हे ७५० म्हणजे सूट वजा करण्यापूर्वीची रक्कम आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. त्या टप्प्यावर खिशातून ६०० च जातात, आणि अनेक जण देय रक्कम पाहूनच हिशेब करतात.

आता खरा फरक. ४९९ आणि ७५० या दोन्ही रकमांना लोक सरसकट ‘लिमिट’ म्हणतात आणि दोन्हींकडे एकाच नजरेने पाहतात, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. ४९९ हा उंबरठा आहे. तुमची खरेदी ४८० ची असेल तर सूट शून्य आणि तुम्ही ४८० देता. त्यात वीस रुपयांचे काडेपेट्यांचे पुडके घातले की खरेदी ५०० होते, शंभर रुपये सूट मिळते आणि तुम्ही ४०० देता. वस्तू एक जास्त आली आणि बिल ऐंशी रुपयांनी उतरले. इथे काहीतरी भर घालणे हा शहाणपणाच आहे.

७५० ला असे काहीच घडत नाही. ७४० च्या खरेदीवर १४८ रुपये सूट असते, ७५० वर १५०. दहा रुपयांच्या वस्तूने दोन रुपये मिळवून दिले, बस. त्यानंतरच्या प्रत्येक रुपयाला मात्र पूर्ण रुपयाच मोजावा लागतो, म्हणजे ७५० पर्यंत पुढची वस्तू वीस टक्के स्वस्त पडत होती, ती आता छापील भावाने पडते. आमच्या शेजारच्या वहिनी ७४० वर आल्या की ‘सूट पूर्ण करून घेऊ’ म्हणून किलोभर गूळ आणि कांदा-लसूण मसाल्याचे पाकीट घालतात. लागत असेल तर अवश्य घ्यावे, पण सुटीसाठी घेऊ नये. कोल्हापुरात राहून गूळ असा घेणे मला तर पटतच नाही.

उलट, ७५० ओलांडले म्हणजे नुकसान झाले, हेही खरे नाही. वहिनींचे मागचे बिल ११८० चे होते. वीस टक्क्यांनी २३६ अपेक्षित होते, मिळाले १५०, म्हणजे जवळपास पावणेतेरा टक्के. टक्का घसरला, पण मिळालेले दीडशे कुठे गेले नाहीत. या रकमेपुढे ते कूपन सरळ ‘दीडशे रुपये कमी’ एवढेच म्हणते.

बिलावरची सूट बरोबर १५० असेल तर मर्यादा लागली, इतके उघड आहे. गोंधळ उडतो तो खरेदी ९०० ची असूनही सूट १४० च दिसते तेव्हा. अशा वेळी त्या १४० ची पाचपट करावी. उत्तर येते ७००, याचा अर्थ उरलेल्या २०० च्या वस्तूंना कूपन लागूच नव्हते आणि मर्यादेपर्यंत तुम्ही पोहोचलाच नव्हता. दुकानदाराशी भांडायचे असेल तर त्या २०० वरून भांडावे, कमाल सुटीवरून नव्हे.

राहिला प्रश्न ११८० च्या बिलाचा. कूपन दोनदा वापरता येत असेल तर ६०० आणि ५८० अशी दोन बिले करावीत. १२० आणि ११६ मिळून पूर्ण २३६ मिळतात, म्हणजे ८६ रुपयांचा फायदा. दुसऱ्या बिलाला पोहोचवण्याचे चाळीस रुपये लागत असतील तर त्यातले ४६ उरतात. कूपन एकदाच चालत असेल तर फोड करून काहीही हाती लागत नाही, कारण दोन्हीपैकी एका बिलाला पूर्ण भाव द्यावाच लागतो.