ड्रम थांबला, मोटर चालू

वाटण घट्ट होत आलं आणि वेट ग्राइंडरचा ड्रम थांबला, की आधी मोटरचा आवाज ऐकावा. मोटर मोकळी, वेगात फिरतेय आणि ड्रम मात्र जागच्या जागी असेल, तर पट्टा घसरतोय. मोटर न फिरता नुसतीच घुमत असेल, तर ती स्वतःच अडकली आहे. अशा वेळी बटण लगेच बंद करावं. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते आणि आतली तार तापून जळते.

पट्टा घसरतो तो बहुधा मोटरच्या लहान पुलीवर. ड्रमच्या मोठ्या पुलीला तो बराच वेढून बसतो, लहान पुलीला मात्र कमी टेकतो. पकड तीन गोष्टींवर ठरते: पट्ट्याचा ताण, त्याचा वेढा आणि घर्षण. त्यातलं घर्षण सर्वांत आधी दगा देतं. समजा, लहान पुलीवर पट्टा 140 अंश टेकला आहे आणि घर्षणांक 0.5 आहे. वाटणाचं पाणी झिरपून तो 0.2 झाला, तर त्याच ताणावर पट्ट्याची ओढ निम्म्याहूनही कमी होते. म्हणून ताणायच्या आधी प्लग काढून पट्टा आणि पुल्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली असेल किंवा तडे गेले असतील, तर पट्टा बदलणंच बरं.

पट्टा तरीही सैल वाटला, तर मोटरचे बोल्ट ढिले करायचे. बऱ्याच यंत्रांत त्यांची भोकं लांबट असतात. मोटर थोडी मागे सरकवून, दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत ना हे पट्टीने पाहून बोल्ट आवळायचे. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण अर्धा सेंटिमीटर खाली जावा. त्याहून फार ताठ केला, की सगळा भार बेअरिंगवर येतो.

ओळखीच्या एका घरी हा पट्टा दोनदा ताणून झाला होता, तरी दहा मिनिटांत ड्रम मंदावायचा. दगड काढून ड्रम हाताने फिरवला, तर अगदी हलका फिरला. दगड बसवून, नुसतं पाणी घालून फिरवला, तर एकाच ठिकाणी अडखळला. म्हणजे खोट पट्ट्यात नव्हतीच. ड्रमच्या आतल्या भिंतीवर एक चकचकीत रेघ उमटली होती आणि एका दगडाची कडही तशीच घासलेली होती. त्या दगडाच्या आसावरची वॉशर झिजून पातळ झाली होती, त्यामुळे दगड बाहेर सरकून भिंतीला टेकत होता. वाटण पातळ असताना मोटर हे घर्षण निभावून न्यायची. घट्ट झालं की दोन्ही भार मिळून पट्ट्याच्या पकडीपलीकडे जायचे.

नवी वॉशर घातल्यावर दगड आणि भिंत यांच्यात सगळीकडे सारखी फट राहिली. मग पट्टा पुन्हा थोडा सैल केला, कारण दोनदा ताणल्यामुळे बेअरिंगजवळ मोटर हात लावू न देण्याइतकी तापू लागली होती.