कॅल्क्युलेटरवर १९४५.३४, बिलावर १९४५.३२: हे दोन पैसे जातात कुठे?

आमच्याकडून खिळे, नट-बोल्ट, बाइंडिंग वायर असा किलोवारी माल नेणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. बिल आम्ही एक्सेलमध्ये करतो. काही जण ते घरी जाऊन कॅल्क्युलेटरवर पडताळतात, आणि पडताळावंच. पण मग फोन येतो, "शेठ, बेरीज दोन पैशांनी कमी आहे." दोन पैशांचं नाणं आता कुणाच्या खिशात नाही. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. तरी बिलात पैसे असतात, आणि बिलावर चुकीची बेरीज दिसली की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. म्हणून एक खरं बिल घेऊन सांगतो.

| माल | वजन (किलो) | दर (₹) | बिलावर दिसलेली रक्कम (₹) |
|---|---|---|---|
| दोन इंची खिळे | ३.३७५ | ७८.५० | २६४.९४ |
| बाइंडिंग वायर | ७.२८५ | ८२.३० | ५९९.५६ |
| वॉशर | १.४६५ | ११८.४० | १७३.४६ |
| नट-बोल्ट | ४.७१० | १२६.६० | ५९६.२९ |
| काँक्रीटचे खिळे | २.१८० | १४२.७० | ३११.०९ |

शेवटच्या रकान्याची बेरीज कॅल्क्युलेटरवर १९४५.३४ येते. एक्सेलनं खाली छापलं होतं १९४५.३२. बेरीज दोघांनीही बरोबर केली आहे, पण दोघांनी बेरजेला घेतलेले आकडे वेगळे आहेत.

आमचा काटा ग्रॅमपर्यंत वजन दाखवतो, म्हणजे किलोमागे तीन दशांश. त्याला दोन दशांशांच्या दरानं गुणलं की उत्तर पाच दशांशांपर्यंत जाऊ शकतं. बाइंडिंग वायरचे खरे होतात ५९९.५५५५ रुपये. सेलला दोनच दशांश दाखवायला सांगितलेलं असल्यामुळे एक्सेल ५९९.५६ दाखवतो, पण पोटात ५९९.५५५५ तसेच ठेवतो आणि बेरजेला तेच घेतो. या बिलात योगायोगानं पाचही रकमा दाखवताना वर गेल्या आहेत. खिळ्यांच्या रकमेत पाव पैसा, वायरच्या रकमेत ०.४५ पैसा आणि बाकी तिन्हींत प्रत्येकी ०.४ पैसा. सगळे मिळून १.९ पैसे, म्हणजे बेरजेत दिसणारे ते दोन.

हे स्वतः पाहायचं असेल तर आम्ही पाठवलेली जुन्या बिलाची एक्सेल फाइल उघडा. रकमेच्या सेलवर नुसतं क्लिक करून उपयोग नाही, कारण वरच्या पट्टीत आकडा न दिसता `=B2*C2` हे सूत्र दिसतं. रकमेचा रकाना निवडा आणि Home मधलं Increase Decimal हे बटण दोन-तीनदा दाबा. लपलेले दशांश बाहेर येतील. यानं फाइलमधला एकही आकडा बदलत नाही, फक्त दिसणं बदलतं.

आता दोन पैशांसाठी एवढं कशाला, असं वाटेल. याच बिलाचं पुढे काय झालं ते पाहा. या मालावर १८ टक्के जीएसटी. एक्सेलच्या पोटातल्या १९४५.३२१ वर कर धरून एकूण झाले २२९५.४८, म्हणून राउंड ऑफ करून बिल निघालं २२९५ रुपयांचं. ग्राहकाच्या हिशेबनिसानं छापील रकमा घेतल्या. १९४५.३४ वर सीजीएसटी १७५.०८, एसजीएसटी १७५.०८, एकूण २२९५.५०, आणि राउंड ऑफ करून २२९६. दोन पैशांचा अख्खा रुपया झाला, आणि महिनाअखेरीला आमचं-त्यांचं खातं जुळेना. रुपया त्यांच्याच फायद्याचा होता, पण खातं जुळेपर्यंत पुढचं पेमेंट अडकलं ते अडकलंच.

चूक आमच्या फाइलची होती. या महिन्यापासून प्रत्येक ओळीची रक्कम आम्ही तिथल्या तिथे दोन दशांशांवर आणतो, आणि मग बेरीज घेतो:

```
=ROUND(B2*C2,2)
=SUM(D2:D6)
```

आता सेलमध्ये जे दिसतं तेच पोटातही आहे, त्यामुळे वरच्या बिलाची बेरीज १९४५.३४ येते. तुम्हीही तुमच्या साइटचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवत असाल तर ROUND ओळीतच लावा. पुष्कळ जण तो शेवटी बेरजेला लावतात, `=ROUND(SUM(D2:D6),2)` असा. त्यानं काही होत नाही. फरक ओळींमध्ये पडून गेलेला असतो आणि उत्तर पुन्हा १९४५.३२ च येतं.

एक्सेलच्या Options मध्ये Set precision as displayed नावाची एक सोय आहे. ती चालू केली की फाइलमधला प्रत्येक आकडा जसा दिसतो तसाच कायमचा कापला जातो. सोपी वाटते, पण आम्ही ती वापरत नाही. वजनाचा रकाना चुकून दोन दशांशांवर असला तर टंकलेलं ७.२८५ चं ७.२९ होऊन बसतं, सोय बंद केली तरी ७.२८५ परत येत नाही, आणि एकट्या वायरच्या ओळीत ४१ पैसे वाढतात.

जुनी बिलं पडताळताना एवढं लक्षात ठेवा. दाखवण्यामुळे एका ओळीत जास्तीत जास्त अर्धा पैसा फरक पडू शकतो, आणि खालच्या बेरजेत आणखी अर्धा. पाच ओळींच्या बिलात तीन पैशांपर्यंतचा फरक यातून येऊ शकतो. चाळीस ओळींत कागदोपत्री वीस पैसे होतात, पण काही रकमा वर जातात, काही खाली, म्हणून प्रत्यक्षात बहुधा दोन-चार पैशांवर भागतं. त्याहून बराच जास्त फरक असला तर दशांशांना दोष देऊ नका. फरक १७३.४६ च्या आसपास असेल तर वॉशरची ओळ बेरजेतून सुटली आहे. ती SUM च्या हद्दीबाहेर राहिली असेल, किंवा आकडा मजकूर म्हणून टाइप झाला असेल. असा आकडा सहसा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसतो आणि SUM त्याला मोजत नाही. फरकाच्या पैशांना ९ नं नि:शेष भाग जात असेल तर जुने मुनीम आधी उलटे पडलेले अंक शोधायचे. ५९९.५६ ऐवजी ५९५.९६ दाबलं गेलं तर फरक ३६० पैसे, नऊ चोक छत्तीस.

एक गोष्ट मात्र नव्या बिलातही राहणार आहे. वजन गुणिले दर करून प्रत्येक उत्तर थेट M+ मध्ये टाकत गेलात, तर कॅल्क्युलेटर पूर्ण दशांश धरतो आणि शेवटी १९४५.३२१ दाखवतो, म्हणजे आता तुमची बेरीज आमच्यापेक्षा दोन पैशांनी कमी. टेबलावरच्या मोठ्या कॅल्क्युलेटरवर दशांशांची सरकती कळ असते. ती F वर असेल तर असं होतं. ती २ वर आणि शेजारची कळ 5/4 वर ठेवा, म्हणजे प्रत्येक गुणाकार दोन दशांशांवर येऊन मगच जमा होईल. ती 5/4 ऐवजी CUT वर असेल तर तिसऱ्या दशांशापासून पुढचं सगळं कापलं जातं आणि खिळ्यांचे २६४.९३ च दिसतात. मोबाइलवर कळ नसते; तिथे ओळीओळीची रक्कम बिलाशी ताडून पाहा आणि बेरीज छापील रकमांचीच करा. तरीही जुळलं नाही तर बिल आणि काट्याची चिठ्ठी दोन्ही घेऊन काउंटरवर या.