न दाबता दाबलं जाणारं बटण

फोनच्या कडेला आपण ज्यावर बोट ठेवतो ते बटणाचं नुसतं टोपण असतं. खरा स्विच आत, एका पातळ लवचिक पट्टीवर बसवलेला असतो. दुरुस्तीवाले तिला ऑन-ऑफ पट्टी म्हणतात. त्या स्विचमध्ये स्टीलची एक इवलीशी फुगीर चकती असते. डब्याच्या फुगीर झाकणावर अंगठा दाबला की ते 'टक्' करून आत जातं आणि सोडलं की वर येतं, तसंच या चकतीचं. ती आत जाते ती मिलिमीटरचे दोन-तीन दशांश, आणि खालच्या संपर्काला टेकली की फोनला कळतं, बटण दाबलं.

म्हणजे बोटाला जाणवणारं 'टक्' आणि फोनला मिळणारा इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिघाड ओळखताना आधी त्या वेगळ्या करायच्या. त्याहीआधी फोनचं कव्हर काढायचं, कारण घट्ट किंवा वाकडं बसलेलं कव्हर बटण दाबून धरतं आणि बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात.

कव्हर काढूनही टोपण हलतच नसेल, किंवा दाबताना कचकच लागत असेल, तर फटीत काहीतरी अडकलं आहे. आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर ती बहुतेक वाळू असते. टोपण मोकळं हलतं पण 'टक्' होत नाही, तेव्हा चकती चेपली किंवा तडकली आहे, नाहीतर टोपणाचा तिला दाबणारा आतला खुंट झिजलाय. 'टक्' छान होतं पण फोन दाद देत नाही, तर चकती शाबूत आहे आणि संपर्क तुटलाय: पट्टी कुठेतरी चिरलीय किंवा तिचं टोक सॉकेटमधून सुटलंय. हे तिन्ही प्रकार पुण्या-नागपुरातही होतात. कोकणाची खासियत चौथा प्रकार: कुणी हात लावला नसताना बटण दाबलं जाणं.

मालवणातल्या एका दुकानात मासेमारी होडीच्या एका तांडेलाचा फोन दुरुस्तीला आला होता. "बटनाक हात लावूक नाय, तरी आवाज आपसूक खाली जाता," ही तक्रार. शिवाय सकाळी फोन चालू केला की कधीकधी व्हॉट्सॲप गायब, बँकेचं ॲप गायब. घरच्यांनी व्हायरस आला असं ठरवून टाकलं होतं. पण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत Safe mode लिहिलेलं होतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये चालू होताना आवाज कमी करायचं बटण दाबलेलं असेल, तर फोन या अवस्थेत जातो आणि आपण टाकलेली सगळी ॲप तात्पुरती बंद ठेवतो. व्हायरस नव्हता, बटणच होतं.

फोनच्या डेव्हलपर पर्यायांतलं यूएसबी डीबगिंग चालू करून, फोन adb हे साधन असलेल्या संगणकाला जोडून, ही एक आज्ञा दिली की फोनला बटणांकडून काय येतंय ते थेट दिसतं:

```
adb shell getevent -l
```

फोन टेबलावर नुसता पडलेला असताना KEY_VOLUMEDOWN समोर DOWN, मग UP, पुन्हा DOWN अशा ओळी धावत होत्या. बटण यांत्रिकरीत्या अडकलं असतं तर एकदाच DOWN आलं असतं आणि UP आलंच नसतं. ही फडफड वेगळी. ती कुठून येते हे समजायला थोडं गणित करावं लागेल.

बटण दाबलेलं नसताना त्याच्या तारेवर साधारण 1.8 व्होल्ट धरून ठेवलेले असतात, तेही मोठ्या रोधामधून. समजा तो 1 लाख ओहमचा आहे. बटण दाबलं की तार जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, टेकते आणि फोन 'दाबलं' असं वाचतो. आता स्विचमध्ये खारट ओलावा शिरला आणि त्याचा रोध 30 हजार ओहम झाला, तर तारेवर उरतात जेमतेम 0.4 व्होल्ट. फोनच्या लेखी ते शून्यच. बटण दाबलं गेलं! ओलावा थोडा सुकून रोध 10 लाखांवर गेला की व्होल्टेज 1.6 च्या वर जातं आणि बटण 'सुटतं'. मधल्या अवस्थेत फोन कधी हो म्हणतो, कधी नाही.

याच गणितातून दुसरी गंमत निघते. संपर्कावर मळ बसून रोध 10 हजार ओहम झाला, तरी दाबल्यावर फोनला ते नीट कळतं. हे सर्किट कमजोर संपर्काला माफ करतं, न दाबता होणाऱ्या विजेच्या गळतीला मात्र करत नाही. म्हणून 'टक्' होऊनही काम न करणारं बटण थोड्याशा मळाने सहसा होत नाही, पण आपोआप दाबलं जाणारं बटण मिठाच्या एका पुसट थरानेही होऊ शकतं.

आणि मीठ सुकत नाही, हाच किनाऱ्यावरचा घोळ. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर 33 टक्क्यांनाच ओलं होतं. पावसाळ्यात मालवण-देवगडला आर्द्रता दिवसचे दिवस 80 च्या वर असते, तेव्हा एकदा आत गेलेला खारा थेंब महिनोन्‌महिने जिवंत राहतो. पॉवर बटणाचं दुखणं आणखी वाईट. फोन बंद असतानाही त्याच्या तारेवर व्होल्टेज असतं, नाहीतर तो चालू कसा होणार? त्यामुळे ओल्या मिठातून अखंड बारीक प्रवाह वाहतो आणि धातू खात राहतो. पट्टीवर हिरवट ठिपका दिसतो तो खाल्लेल्या तांब्याचा.

घरी खात्री करायची सोपी रीत आहे. फोन बंद करून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर एक रात्र ठेवा. सकाळी बटण शहाणं झालं आणि दमट संध्याकाळी पुन्हा वेडं झालं, तर मीठच. रात्रीत काहीच फरक पडला नाही, तर चकती, टोपण किंवा पट्टी. तांदळाच्या डब्याने पाणी थोडंफार जाईल, मीठ जागच्या जागी राहील.

वाळू असेल तर कोरड्या मऊ ब्रशने, फोन बटण खाली येईल असा धरून, झाडायची. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला लावून फिरवलं तर तेल-घाम निघतो आणि ते लगेच उडून जातं. पण मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही, हे लोकांना माहीत नसतं. बाहेरून अल्कोहोल आत सोडल्यावर आठवडाभर बरं वाटतं ते पाणी हटल्यामुळे. थर तिथेच असतो. जेल सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि गंजाचा तेलकट स्प्रे यांना फोनजवळ येऊच देऊ नये.

तांडेलाच्या फोनची पाठ उघडून बॅटरी सोडवली आणि पट्टी सुटी केली. न दाबलेल्या स्विचवर मल्टिमीटरचा आकडा काही हजार ओहमांत घुटमळत होता. तो अनंत हवा. पट्टी ऊर्ध्वपातित पाण्याने ब्रश मारून धुतली, मग अल्कोहोलने पाणी काढून सुकवली. आकडा अनंतावर गेला, म्हणजे निदान बरोबर. तरीही दुकानदाराने पट्टी बदलली. त्याचं म्हणणं मला पटलं: संपर्काचा मुलामा एकदा खाल्ला गेला की धुतलेला स्विच पुढचा पावसाळा काढेलच असं नाही.

बदलून घेताना दोन गोष्टी सांगाव्यात. खारं पाणी पट्टीच्या कडेने सरकत सॉकेटपर्यंत जातं, म्हणून बोर्डावरचं ते सॉकेटही धुऊन, भिंगाखाली पाहून घ्यायचं. आणि उघडलेल्या पाठीचा गोंद, टोपणाभोवतीची रबरी कडी नवी घालायची. पॉवर बटणातच बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर असेल, तर तो पट्टीबरोबर बदलल्यावर ठसा काही मॉडेलांत चालेनासा होतो. हे आधी विचारून मगच फोन हातात द्यायचा.